ग्राहकाचे आजचे मोल

पूर्वी सॉफ्टवेअर एकदाच विकले जाई. २०१३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आपल्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीनेच देण्याचे जाहीर केले, आणि पुढे अनेकांनी तोच मार्ग धरला. वर्गणी आली की प्रश्न उभा राहतो, एक ग्राहक मिळविण्यासाठी किती खर्च करावा?

दुकानदारांना हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरविणारी एक कंपनी कल्पू या. वर्गणी सालीना १२,००० रुपये, आगाऊ. सेवेचा खर्च ३,००० वजा जाता हाती ९,००० उरतात. दरसाल शंभरातले ऐंशी ग्राहक वर्गणी पुन्हा भरतात. जाहिरात, विक्रेत्यांचे पगार आणि ज्यांनी अखेर घेतलेच नाही त्यांच्यामागे झालेली धावपळ, हे सारे धरून एका नव्या ग्राहकामागे २०,००० रुपये पडतात.

वरवर पाहता हिशेब सोपा आहे. ग्राहक सरासरी पाच वर्षे टिकतो. पाच नव्वे पंचेचाळीस हजार, नफा पंचवीस हजार. पण पुढल्या साली येणारा रुपया आजच्या रुपयाइतका नव्हे. भांडवलावर शेकडा बारा व्याज धरले, तर दुसरी वर्गणी आज ९,००० ची राहत नाही. ती मिळण्याचा संभव शेकडा ऐंशी. म्हणून ७,२००, आणि व्याज कापून सुमारे ६,४२९. तिसरी सुमारे ४,५९२. म्हणजे घातलेले वीस हजार तिसरी वर्गणी हाती येते तेव्हा कुठे वसूल होतात! अशा साऱ्या वर्गण्यांची बेरीज ३१,५०० भरते. खर्च वजा जाता ग्राहकाचे आजचे निव्वळ मोल ११,५०० रुपये. पंचवीस हजार नव्हे.

आता टिकणारे ऐंशीऐवजी सत्तर धरा. मोल ४,००० वर येते. साठ धरा, तर प्रत्येक नव्या ग्राहकामागे सुमारे ६१५ रुपयांचा तोटा! मग विक्री जितकी वाढेल तितके नुकसान वाढते.

आणि नेमका हाच आकडा फसवतो. गेल्या साली शंभर ग्राहक होते, आज एकशेचाळीस आहेत, म्हणून मालक खूश असतो. पण जुन्या शंभरांतले सत्तरच उरले आणि सत्तर नवे आले, तरी बेरीज तीच! म्हणून आमचे सांगणे असे की, एका साली आलेल्या ग्राहकांची यादी वेगळी ठेवावी आणि दर वर्षी त्यांतले किती उरले ते मोजावे. पुष्कळदा पहिल्या वर्षाअखेर गळती फार असते व पुढे ती कमी होते. तेव्हा सगळ्या वर्षांना एकच प्रमाण लावणे हाही ढोबळ अंदाजच होय. शिवाय ज्यांची पहिली वर्गणी अद्याप संपलेली नाही, त्यांना टिकलेल्यांत मोजू नये. त्यांना जाण्याची वेळच आलेली नसते.