चित्र थांबलेलं, चालतो तो आवाज

बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन लालबागेत आहे. रेल्वेने गावात येणाऱ्याची पहिली भेट या भागाशीच होते. अशा ठिकाणी एखादी इमारत उभी राहण्याआधी तिचा नमुना फ्लॅट मोबाइलवर फिरू लागतो. दीड मिनिटाचा व्हिडिओ, आत संगणकावर बनवलेली आठेक स्थिर चित्रं आणि वर कुणाचा तरी गोड आवाज. त्या आवाजाची संहिता लिहिणं हे वेगळंच काम आहे. चित्रात कुणी चालत नसतं, हॉलमधून स्वयंपाकघरात नेतो तो आवाज. चित्र हळूहळू सरकवलं की फिरल्याचा भास होतो, पण दार कुठे आहे ते त्यावरून कळत नाही.

म्हणून लिहिणाऱ्याने चित्रांआधी नकाशा मागून घ्यावा. चित्रं बहुधा देखणेपणाच्या क्रमाने येतात, आधी हॉल, मग मास्टर बेडरूम, शेवटी बिचारं स्वयंपाकघर. त्याच क्रमाने लिहिलं की निवेदक भिंतीतून आरपार जातो. हे पकडायला सोपी युक्ती आहे. संहिता मोठ्याने वाचायची आणि नकाशावर बोट फिरवायचं. बोट रेषेला अडलं की वाक्य चुकलं.

दुसरी गोम कॅमेऱ्याची. दहा फूट रुंदीच्या खोलीत उभं राहून अख्खी खोली एका नजरेत मावत नाही. मग चित्र करणारा कॅमेरा भिंतीच्या बाहेर ठेवतो आणि ती भिंत चित्रापुरती गायब करतो. खोली दिसते छान ऐसपैस. नकाशावर कॅमेऱ्याची जागा शोधली तर ती शेजारच्याच्या घरात निघते! चित्र बदलणं लिहिणाऱ्याच्या हातात नसतं, पण माप सांगणं असतं.

एक काल्पनिक फ्लॅट घेऊ. हॉल दहा बाय पंधरा, खिडकी उत्तरेला. नेहमीचं वाक्य असं येतं: ‘आपल्या स्वप्नातील प्रशस्त, सूर्यप्रकाशाने न्हालेल्या दिवाणखान्यात आपलं स्वागत.’ यात चित्रापलीकडचं काहीच नाही, आणि उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत येत नाही, ही तर वेगळीच अडचण. त्याऐवजी मी असं लिहीन: ‘दारातून आत आलं की हॉल. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. खिडकी उत्तरेला येईल. स्वयंपाकघराचं दार आपल्या पाठीमागे.’ जे चित्रात दिसत नाही, तेच आवाजाने सांगायचं. सोफा निळा आहे हे बघणाऱ्याला दिसतंच.

वाक्यातलं ‘येईल’ मुद्दाम आहे. जे अजून बांधलेलं नाही त्याला ‘आहे’ म्हणणं अंगाशी येऊ शकतं. २०१६च्या रेरा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटच्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर भरलेली रक्कम व्याजासह परत मिळते. निवेदकाचं बोलणंही जाहिरातच. कार्पेट सांगताना घराच्या आतल्या भिंती त्यात धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. म्हणून ‘कार्पेट पाचशे ऐंशी, बाल्कनी पंचेचाळीस’ असं वेगवेगळं बोलावं. बेरीज करून ‘सव्वासहाशे’ म्हणणं कानाला गोड लागतं, पण ते कार्पेट नव्हे.

आता वेळेचा हिशेब. सावकाश मराठी बोलणं सेकंदाला सुमारे दोन शब्द धरावं. नव्वद सेकंदांत एकशे ऐंशी होतात, पण चित्र बदलताना क्षणभर गप्प बसावं लागतं. म्हणून दीडशेच लिहावेत, म्हणजे एका चित्राला अठरा-एकोणीस. आकडे अक्षरांत लिहावेत. कागदावर ‘१०.५’ असलं की वाचणारा ‘दहा पॉइंट पाच’ म्हणतो, ‘साडेदहा’ लिहिलं तर अडखळत नाही.

आवाज आधी रेकॉर्ड करावा आणि चित्रं त्याच्या मापाने कापावीत. उलट केलं की शेवटच्या खोलीत निवेदकाची धावपळ होते. बुऱ्हाणपुरात जवळपास यंत्रमाग असेल तर ते बंद होईस्तोवर थांबावं लागतं. पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून बोललं तर खोलीचा घुमारा पुष्कळ कमी होतो.

इथे तीच फिल्म हिंदीतही लागते. नवा मजकूर मराठीच्या सेकंदांत कोंबण्यापेक्षा हिंदीचा आवाज वेगळा घेऊन चित्रं पुन्हा जुळवलेली बरी. शेवटच्या पाटीवर रेराचा नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा लागतो. ती पाटी निदान सहा सेकंद ठेवावी आणि तेवढा वेळ आवाज बंद ठेवावा, म्हणजे ज्याला उतरवून घ्यायचा त्याला क्रमांक उतरवता येतो.