शेवटच्या ओळीची करामत

२००९ मध्ये अमेरिकेत आरोग्यविम्याच्या सुधारणेवरून रान उठलं होतं. त्या दिवसांत फेसबुकवर एक छोटा मजकूर फिरू लागला. उपचार परवडत नाहीत म्हणून कुणी मरू नये आणि आजारपणापायी कुणाचं दिवाळं निघू नये, असा त्याचा आशय होता. शेवटी एक विनंती होती: पटत असेल तर दिवसभरासाठी हाच मजकूर तुमच्या पानावर लावा. लोक तो कॉपी करून स्वतःच्या नावाने चिकटवत गेले. असा पुन्हा पुन्हा डकवला जाणारा मजकूर म्हणजे कॉपीपास्ता.

लाडा अडामिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या मजकुराचा माग काढला. त्यांना सुमारे ११ लाख ४० हजार नोंदी सापडल्या. त्यांपैकी ४ लाख ७० हजारांहून अधिक अक्षरशः सारख्या होत्या. उरलेल्यांत मिळून १ लाख २१ हजारांवर वेगवेगळी रूपं होती. कुणाकडून एखादा शब्द गळला होता, कुणी पदरचं वाक्य घातलं होतं. सुधारणेच्या विरोधकांनी तोच साचा उलटवून सरकारी हस्तक्षेपावर टीका केली. ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनी त्यात जब्बा द हटचं कर्ज आणून बसवलं. प्रत्येक रूप त्याला मानवणाऱ्या गोटात फोफावलं.

या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट शेवटच्या ओळीबद्दलची आहे. ‘पटत असेल तर’, ‘कॉपी करून चिकटवा’ अशी विनंती ज्या मजकुरांत असते, ते अधिक पसरतात. नकलेगणिक बाकीचे शब्द बदलू शकतात, पण ही सूचना गळली की त्या रूपाचा वंश खुंटण्याची शक्यता वाढते. म्हणून टिकून राहिलेल्या मजकुरांत ती हटकून दिसते. कुणा एका चतुर लेखकाने ती योजावी लागते असंही नाही. लाखो नकलांच्या चाळणीतून ती आपोआप वर येते.

पण माणूस ती सूचना पाळतो का? २०१२ मध्ये पसरलेली फेसबुकची ‘कायदेशीर नोटीस’ याचं उत्तर देते. माझे फोटो आणि लेखन वापरायला मी कंपनीला मनाई करतो, असं त्यात जाहीर केलेलं असे. आधाराला बर्न करार आणि अमेरिकेच्या व्यापारी संहितेची कलमं दिलेली असत. काही रूपांत रोमचा कायदाही असे. रोमचा कायदा हा युद्धगुन्हे आणि वंशसंहार यांचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या स्थापनेचा, त्याचा आपल्या फोटोंशी काडीचा संबंध नाही. शिवाय खातं उघडताना आपण अटी मान्य केलेल्या असतात. नंतर स्वतःच्या पानावर एकतर्फी काही लिहून त्या बदलत नाहीत. फेसबुकनेही तेव्हा या नोटिशीमागचा दावा खोटा असल्याचं सांगितलं. तरीही ती पुढच्या वर्षांत नव्या तारखा लावून परत येत राहिली. चिकटवायला काही क्षण लागतात, पैसा लागत नाही, आणि खरं निघालं तर आपण सुरक्षित, हा हिशेब शिकल्यासवरल्या माणसालाही पटतो.

त्यात आणखी एक मेख आहे. ‘शेअर करू नका, कॉपी करा’ असं अशा मजकुरात आवर्जून लिहिलेलं असतं. शेअर केलेली नोंद मूळ नोंदीला बांधलेली राहते. मूळ काढून टाकली की तीही दिसेनाशी होते, आणि मूळ नोंदीखाली कुणी खुलासा केला असेल तर तो शोधता येतो. कॉपी केलेला मजकूर मात्र आपल्या मित्राचा, मावशीचा, शेजाऱ्याचा म्हणून समोर येतो. तो कुठून आला हे दिसत नाही, आणि आपल्या माणसाचं म्हणून आपण ते चटकन खरं मानतो.

ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. संतोषी मातेच्या नावाने येणाऱ्या पोस्टकार्डांत इतक्या प्रती लिहून पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल, अशी तंबी असे. हाताने लिहिताना बोटं दुखत, टपालखर्च येई. त्यामुळे पुष्कळ कार्डं तिथेच थांबत. आता तो अडसर गेला. सगळे कॉल रेकॉर्ड होणार, सरकारने कारवाई सुरू केली की लाल टिक दिसणार, हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेकने खोटा ठरवला, तरी तो फिरतच राहिला. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी ५ चॅटपुरतीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि अशा संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची खूण येऊ लागली. पण मजकूर कॉपी करून नव्याने पाठवला, तर ती खूण उमटत नाही.

म्हणून असा मजकूर आला की आधी शेवट वाचावा. तिथे पुढे पाठवण्याची विनंती किंवा धमकी असेल, तर वर दिलेली तारीख, संस्थेचं नाव आणि कलम तपासावं. ‘उद्यापासून’ असं लिहिलेलं असेल आणि ते कोणत्या तारखेचं उद्या हे सांगितलेलं नसेल, तर तो मजकूर कोणत्याही वर्षी खपावा असाच आहे. तो आपल्यापाशी थांबवावा, आणि ज्याने पाठवला त्याला चारचौघांत न खिजवता एकट्याला कारण सांगावं. त्याने तो बहुधा आपल्या काळजीपोटीच पाठवलेला असतो.