आधी वॉर्डातलं रजिस्टर, मग सिनॉप्सिस

एम.एस्सी. नर्सिंगच्या सिनॉप्सिसमध्ये शेवटच्या पानांवर दोन तक्ते असतात, वेळापत्रक आणि खर्चाचा अंदाज. हे तक्ते बहुधा सर्वांत शेवटी, घाईघाईत आणि मागच्या बॅचच्या सिनॉप्सिसवरून उतरवले जातात. पुढे वर्षभर विद्यार्थिनीची जी ओढाताण होते तिचं मूळ पुष्कळदा याच दोन पानांत असतं. म्हणून एक उदाहरण घेऊन ही पानं कशी भरायची ते पाहू.

समजा विषय असा आहे: पहिलटकरणींना स्तनपानाच्या योग्य पद्धतीचं शिक्षण दिल्यावर काय फरक पडतो? निवडायच्या आहेत साठ माता. तीस जणींना शिक्षण द्यायचं आणि तीस जणींना नेहमीची सेवा. मोजमाप ‘लॅच’ या पद्धतीने. बाळाची पकड, गिळण्याचा आवाज, स्तनाग्राचा आकार, आईला होणारा त्रास आणि बाळाला धरण्याची पद्धत या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण असतात, एकूण दहा. मोजमाप शिक्षणापूर्वी एकदा आणि नंतर एकदा. सिनॉप्सिसमध्ये सहज लिहिलं जातं, ‘माहिती संकलन: एक महिना’. रुग्णालयात महिन्याला एकशेवीस बाळंतपणं होतात, मग साठ माता मिळायला काय अडचण?

अडचण प्रसूतीचं रजिस्टर उघडलं की दिसते. एकशेवीसपैकी पहिलटकरणी असतील पन्नास. त्यांतल्या वीस जणींचं सिझेरियन झालेलं, म्हणजे उरल्या तीस. कुणाचं बाळ दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं किंवा अतिदक्षता विभागात, कुणी आई स्वतः आजारी, कुणी संमती देत नाही. राहिल्या वीस. शनिवारी रात्री बाळंत होऊन सोमवारी घरी जाणारी माता विद्यार्थिनीच्या हाती लागतच नाही. महिन्याला खरोखर मिळतात पंधरा. म्हणजे साठ मातांना चार महिने हवेत. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक रुग्णालयाचे वेगळे असतील, पण गाळणी हीच. मागच्या तीन महिन्यांचं रजिस्टर घेऊन बसलं तर एका दुपारी हे गणित सुटतं. त्याला फक्त मेट्रनची परवानगी लागते.

पंधरा हा आकडाही प्रत्यक्ष कामाच्या वेगावर तपासावा लागतो. लॅचचे गुण आईला विचारून देता येत नाहीत, बाळ पीत असताना बघावं लागतं. बाळ झोपलेलं असेल तर थांबायचं. पाजायला घेतलं आणि तेवढ्यात डॉक्टरांचा राउंड आला की पुन्हा थांबायचं. एका मातेमागे तास-दीड तास सहज जातो. दिवसाला दोन-तीन नोंदी झाल्या तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

शिवाय दोन्ही गट एकाच वेळी एकाच वॉर्डात घेता येत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या आईला जे शिकवलं ते पडद्याआडून दुसरीही ऐकते, आणि मग तुलनाच बिघडते. म्हणून शिक्षण न मिळणारा गट आधी पूर्ण करायचा आणि शिक्षणाचा गट त्यानंतर. पहिल्या गटातल्या मातांनाही शेवटची नोंद झाल्यावर तेच शिक्षण द्यायला हवं. हा त्यांचा हक्क आहे, आणि त्याचा वेळही तक्त्यात धरायला हवा.

दुसऱ्या नोंदीची वेळ ही सर्वांत जास्त फसणारी जागा. ‘सातव्या दिवशी पश्चात चाचणी’ असं लिहून मोकळं होता येतं, पण नैसर्गिक प्रसूती झालेली आई बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जाते. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत राहण्याची सोयही नैसर्गिक प्रसूतीला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस आहे. सातव्या दिवशी घरी जाऊन नोंद करावी, तर आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. केसपेपरवर पत्ता सासरचा आणि बाळंतीण माहेरी, असं हमखास घडतं. तेव्हा एक तर दुसरी नोंद घरी सोडण्यापूर्वी करावी, नाही तर अभ्यास सिझेरियन झालेल्या मातांवर करावा. निर्णय कोणताही असो, तो सिनॉप्सिस जाण्यापूर्वी व्हायला हवा.

आता वर्ष मांडू. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर आणि प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर, असं अंदाजे वेळापत्रक आहे. प्रत्यक्ष तारखा विद्यापीठ देतं. हातात बारा महिने. शेवटाकडून मोजायला लागा. गाइडच्या दुरुस्त्या, छपाई आणि बायंडिंगला एक महिना, त्याआधी विश्लेषण आणि लेखनाला दोन, माहिती संकलनाला चार, पायलट स्टडीला एक. आठ झाले. उरलेल्या चार महिन्यांत एथिक्स कमिटी, रुग्णालयाची परवानगी आणि टूलची तपासणी बसवायची, आणि पहिल्या वर्षाची परीक्षाही याच काळात येते.

एथिक्स कमिटीची बैठक कुठे दरमहा होते, कुठे दोन-तीन महिन्यांतून एकदा. एक बैठक हुकली किंवा शंका काढून प्रस्ताव परत आला, की हे चार महिने संपतात. मंजुरीआधी पायलटसाठीसुद्धा एकाही मातेची नोंद करता येत नाही. शिक्षण देऊन परिणाम बघायचा असल्याने सीटीआरआय या नोंदणीव्यवस्थेत अभ्यास नोंदवावा लागतो. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण एथिक्स कमिटीचं पत्र आधी लागतं आणि पहिली माता घेण्यापूर्वी नोंदणी पूर्ण असावी लागते. एप्रिल 2018 पासून तिथे उशिराची नोंदणी स्वीकारत नाहीत. मंजुरीची वाट बघताना हात बांधून बसायचं नाही. टूलचं मराठी भाषांतर आणि तज्ज्ञांकडून त्याची तपासणी याच काळात उरकायची.

खर्चाचा तक्ता या वेळापत्रकातूनच निघतो. पायलट धरून सहासष्ट माता. माहितीपत्रक, संमतीपत्राच्या दोन प्रती आणि नोंदीचे कागद मिळून प्रत्येकी आठ पानं. थोडी जास्तीची धरून सहाशे पानं, दोन रुपये दराने 1,200 रुपये. रुग्णालय कॉलेजपासून लांब असेल, तर चार महिन्यांच्या आणि पायलट-परवानग्यांच्या मिळून शंभर फेऱ्या होतात. एसटीचं महिलांना असलेलं अर्धं तिकीट धरून जाऊन-येऊन 80 रुपये म्हटले, तरी 8,000 झाले. म्हणजे झेरॉक्सच्या जवळजवळ सातपट पैसा प्रवासाला जातो, आणि उतरवलेल्या तक्त्यांत नेमका हाच आकडा किरकोळ दाखवलेला असतो. संख्याशास्त्रज्ञाचे 5,000, पाच प्रतींच्या छपाई-बायंडिंगचे 2,500, शिकवायला बाहुली आणि फ्लिपचार्टचे 1,500 धरले तर बेरीज 18,200. दहा टक्के आकस्मिक खर्च मिळवून वीस हजार. एथिक्स कमिटीची फी असेल तर ती वेगळी. आपल्या गावचे दर विचारून हे आकडे बदलावेत.

आता मातांना सातव्या दिवशी रुग्णालयात परत बोलवायचं ठरवलं तर? आई आणि सोबतची बाई यांचं भाडं दोनशे रुपये धरलं, तर साठ जणींचे बारा हजार वाढले. हा भार मातांवर टाकता येत नाही. संशोधनामुळे होणारा खर्च सहभागी व्यक्तीने सोसायचा नसतो, आणि एथिक्स कमिटी खर्चाच्या तक्त्यात हेच शोधते.

गाइड आणि प्राचार्यांना एक विनंती. विषय नक्की करण्यापूर्वी विद्यार्थिनीला रुग्णालयाच्या नावे एक पत्र द्या आणि रजिस्टर बघायला पाठवा. महिन्याला किती रुग्ण मिळतील हा आकडा तिने लिहून आणल्याशिवाय सिनॉप्सिसवर सही करू नका.