एक ओळ खाली सरकलेली यादी

परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या फलकावर बैठक व्यवस्थेचा कागद लागतो. कुणीतरी त्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि तो गटागटांतून फिरतो. बाकांवर चिकटवायच्या पट्ट्या किंवा पर्यवेक्षकाची हजेरी छापायची असेल, तर मात्र फोटोचा उपयोग नसतो. त्यासाठी तक्ता हवा. एका ओळीत एक विद्यार्थी, आणि रोल नंबर, नाव व आसन असे तीन रकाने.

पहिला सल्ला अगदी रुक्ष आहे. ज्या कार्यालयाने तो कागद छापला, तिथे मूळ एक्सेल फाइल असते, ती आधी मागा. मिळाली तर पुढचे सगळे कष्ट वाचतात. न मिळाल्यास फोटोवरून अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळावे लागते. लोकांना वाटते, अवघड काम अक्षरे ओळखण्याचे आहे. पण स्वच्छ छापलेली अक्षरे यंत्र बऱ्यापैकी वाचते. फसगत होते ती कुठला शब्द कुठल्या ओळीतला हे ठरवताना.

एक उदाहरण घेऊ. समजा खोली क्रमांक ७ मध्ये २४ विद्यार्थी आहेत. बाकांच्या चार रांगा, अ ते ड, प्रत्येकीत सहा बाक. रोल नंबर ३१४७ ते ३१७१, त्यातला ३१५८ यादीत नाही, कारण त्या विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला. बसवण्याची पद्धत नागमोडी. अ रांग पुढून मागे भरली, ब रांग मागून पुढे, म्हणजे ३१५२ अ६ वर आणि ३१५३ ब६ वर. कागद मराठी आकड्यांत छापलेला, डावीकडे नंबर, मधे नाव, उजव्या टोकाला आसन.

आता फोटो. मोबाइल हातात जरासा कलला, फक्त दोन अंशांनी, आणि कागदाची उजवी बाजू खाली उतरली. फोटोत कागदाची रुंदी २००० पिक्सेल असेल, तर दोन अंशांच्या कलामुळे उजवे टोक डाव्यापेक्षा सुमारे ७० पिक्सेल खाली जाते. यादीतल्या दोन ओळींमधले अंतर समजा ८० पिक्सेल आहे. म्हणजे ३१४७ च्या ओळीतले अ१ हे आसन जवळजवळ ३१४८ या नंबराच्या समोर येऊन उभे राहते. उंची पाहून ओळी जुळवणारा प्रोग्रॅम ३१४८ ला अ१ देतो, ३१४९ ला अ२ आणि असेच शेवटपर्यंत. एकही अक्षर चुकलेले नसते, तरी खोलीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या जागेवर जातो.

हा घोळ ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली यादीच्या टोकांना दिसते. ३१४७ च्या समोर आसनाऐवजी रकान्याचे शीर्षकच येऊन बसते आणि तळाशी ड१ हे आसन कुणाच्याही नावाविना उरते. दुसरी खूण रांगेच्या वळणावर. ३१५३ समोर ब६ हवे, तिथे अ६ दिसले की यादी सरकली हे नक्की. म्हणून केवळ एकूण ओळी मोजून समाधान मानू नये. पहिली ओळ, शेवटची ओळ आणि प्रत्येक वळण फोटोशी ताडून पाहावे. नागमोडी रचना पर्यवेक्षकांना डोकेदुखी वाटते, पण तपासणाऱ्याला तिचा असा फायदा होतो.

उपाय फोटो काढतानाच करणे सर्वांत स्वस्त. मोबाइल कागदाला समांतर धरावा. फलक उंच असेल तर खालून वर रोखून काढलेल्या फोटोत कागदाची वरची कड आखूड आणि खालची लांब येते. ती विकृती नुसते फिरवून जात नाही. कागद स्कॅन करणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये चारही कोपरे नीट धरून तो चौकोनी करून घ्यावा लागतो. फलकाला काच असेल तर फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर चमकेखाली चार नंबर पुसले जातात.

सरळ केलेला फोटो वाचायला टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने तो १९८०च्या दशकात तयार केला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. मराठीची फाइल बसवलेली असली की आज्ञा एवढीच:

```
tesseract yadi.jpg yadi -l mar --psm 6 tsv
```

यातला ६ हा आकडा सांगतो की सगळा मजकूर एकसंध ठोकळा समजून वाच. शेवटच्या शब्दामुळे नुसता मजकूर मिळत नाही. प्रत्येक शब्द फोटोत डावीकडून किती, वरून किती अंतरावर आहे याचीही नोंद मिळते. वरच्या अंतरावरून ओळ ठरते, डावीकडच्या अंतरावरून रकाना. एखाद्या ओळीत नंबरच नसेल आणि केवळ नावाचा तुकडा असेल, तर बहुधा ते वरच्या लांब नावाचे शेपूट असते. ते वरच्या ओळीला जोडायचे.

भाषा निवडताना `mar+eng` लिहिण्याचा मोह होतो. कागदावर खरोखर इंग्रजी मजकूर असेल तरच तसे करा. मराठी १ आणि इंग्रजी 9 यांची घडण इतकी सारखी आहे की दोन्ही भाषा दिल्यावर यंत्र एकाच नंबरात दोन्ही मिसळू शकते. मराठीतल्या मराठीतही १ आणि ९ यांची अदलाबदल होते, आणि आपल्या यादीत तेच झाले असे धरा. ३१५७ नंतर ३१५१ आला, मग ३१६०. ३१५१ तर आधीच अ५ वर बसलेला आहे. नंबर दोनदा आला, म्हणजे चूक लगेच सापडली. पण खरा नंबर कोणता? ३१५८ की ३१५९? तळाशी छापलेली ‘एकूण २४’ ही बेरीज याचे उत्तर देत नाही. ३१४७ ते ३१७१ असे २५ नंबर होतात, त्यातला एक गाळलेला आहे, एवढेच ती सांगते. कोणता गाळला, हे फोटोतल्या त्या ओळीकडे डोळ्यांनी पाहूनच कळते. क्रम पाहून रिकामी जागा आपल्या मनाने भरणारा माणूस इथे ३१५८ लिहितो आणि परीक्षेला न येणाऱ्याला ब१ वर बसवतो.

एवढे सगळे बरोबर येऊनही एक्सेल घात करू शकते. आसन 1-2 असे लिहिलेले असेल तर ते त्याची तारीख करते आणि 0147 मधले पहिले शून्य गिळते. बोर्डाच्या बैठक क्रमांकात इंग्रजी अक्षरानंतर आकडे येतात. त्या अक्षरामुळे तिथले शून्य वाचते, पण B चा 8 होण्याची भीती वाढते. तेव्हा पहिल्या जागी अक्षर आणि पुढे फक्त आकडे, असा नियम लावून तपासावे. रकाने आधीच ‘मजकूर’ या प्रकाराचे ठरवून मगच यादी त्यांत आणावी. आधी उघडून नंतर प्रकार बदलला तर गेलेले शून्य परत येत नाही.

पट्ट्या छापण्याआधी एकाने फोटोवरून नंबर आणि आसन मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने तक्त्यात पाहावे. चोवीस ओळींना पाच मिनिटे लागतात. आणि बाकांवरच्या पट्ट्यांसाठी नंबर पुरत असतील, तर नावांचा रकाना पुढे पाठवू नका.