दरांची रांग आणि तिसऱ्यांची थाळी

एका मालवणी खानावळीचं मेनू कार्ड माझ्यासमोर आहे. कडेला वेलबुट्टी, वर मालकांच्या आजीचा फोटो. ‘थाळी’ या मथळ्याखाली पाच नावं: चिकन, सुरमई, बांगडा, तिसऱ्या, शाकाहारी. प्रत्येक नावापुढे टिंबांची लांबच लांब ओळ आणि ती संपते तिथे, पानाच्या उजव्या कडेला, दर. २५०/-, ४५०/-, २६०/-, ३२०/-, १८०/-. तिसऱ्यांच्या थाळीखाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘चविष्ट व झणझणीत’.

मालकांची तक्रार अशी, की दुपारी टेबलं भरलेली असतात आणि महिनाअखेर हातात फारसं काही उरत नाही. दर वाढवले तर गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाईल, ही धास्ती. अशा वेळी बहुतेकजण नवं कार्ड छापायला टाकतात, म्हणजे रंग बदलतात, कागद चकचकीत करतात. मी आधी महिन्याभराच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या मागतो. कार्डावर कुठे काय लिहायचं, हे त्या चिठ्ठ्यांवरून ठरतं.

हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत. महिन्यात हजार थाळ्या गेल्या. त्यात चिकन ४५०, सुरमई २८०, शाकाहारी १२०, बांगडा १०० आणि तिसऱ्या ५०. आता प्रत्येक थाळीचा खर्च काढायचा, तोही नुसत्या मासळीचा नाही. भाकरी, सोलकढी, तळणीचं तेल, दुसऱ्यांदा वाढलेला भात आणि साफ करताना वाया जाणारा भाग, सगळं धरायचं. हा खर्च दरातून वजा केला की सुरमईच्या थाळीमागे २१० रुपये उरतात, तिसऱ्यांमागेही २१०, बांगड्यामागे १६०, चिकनमागे १२० आणि शाकाहारीमागे १००.

इथे मालक पहिल्यांदा चमकले. सुरमई महाग पडते, म्हणून ती कमी खपलेलीच बरी, असं ते धरून चालले होते. खरंच तिच्या दरातला निम्म्याहून जास्त भाग खर्चात जातो. पण भाडं आणि पगार भागवायचे असतात ते उरलेल्या रुपयांतून. सुरमईच्या एका थाळीमागे चिकनपेक्षा ९० रुपये जास्त उरतात, आणि दोन्ही थाळ्यांना टेबल तेवढंच लागतं, वाढपीही तेवढाच.

हिशेबाची ही रीत अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ साली मांडली. प्रत्येक पदार्थाला त्यांनी दोन प्रश्न लावले: तो खपतो किती, आणि एका नगामागे उरतं किती. खपाची रेषा अशी काढायची. पाच पदार्थ असतील तर प्रत्येकाचा सरासरी वाटा २० टक्के, त्याचे ७० टक्के म्हणजे १४. खपाचा वाटा १४ टक्क्यांच्या वर गेला तर पदार्थ खपाऊ. उरणाऱ्या पैशांची रेषा म्हणजे थाळीमागची सरासरी, ती आपल्या खानावळीत १५१ रुपयांच्या आसपास येते. सुरमई दोन्ही रेषांच्या वर आहे. चिकन खूप खपतं, पण उरतं कमी. तिसऱ्या आणि बांगडा यांमागे उरतं चांगलं, पण ते मागतो कोण? शाकाहारी थाळी दोन्हीकडे खाली.

पुस्तकी रीत शाकाहारी थाळी काढून टाका म्हणेल. तसं अजिबात करू नये. पाचजणांच्या घोळक्यात एकजण शाकाहारी असेल आणि त्याला काही मिळणार नसेल, तर पाचहीजण दुसरीकडे जेवतात. कागदावर ती थाळी मागे दिसते, पण बाकीच्या चार थाळ्यांची गिऱ्हाइकं तीच आत आणते.

कार्डाने काम करायचं ते तिसऱ्यांसाठी. चिकन घेणाऱ्या साडेचारशेंपैकी ८० जणांनी तिसऱ्या घेतल्या, तर एकाही दराला हात न लावता महिन्याला ७,२०० रुपये जास्त उरतात.

मग तिसऱ्या खपत का नाहीत? त्यासाठी मी आठवडाभर एक साधं काम करायला सांगतो. गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी जे विचारतं, ते वाढप्याने वहीत टिपायचं. या वहीत तिसऱ्यांपुढे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. “काका, तिसऱ्या म्हणजे काय?” “खूप तिखट असतं का?” “सोबत काय काय येतं?” कार्डावरचं ‘चविष्ट व झणझणीत’ यांतल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. उलट ‘झणझणीत’ वाचून लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब चिकनकडे वळतं. चविष्ट, स्वादिष्ट, स्पेशल हे शब्द सगळ्याच कार्डांवर असतात, त्यामुळे ते वाचले जात नाहीत. पदार्थात काय घातलंय, तो कसा शिजवलाय आणि ताटात आणखी काय येणार, हे मात्र माणसं वाचतात. नवं वर्णन असं झालं:

तिसऱ्यांची थाळी. खाडीतल्या शिंपल्या, एकशिपी, ओलं खोबरं आणि आमसुलात परतलेल्या. मध्यम तिखट. तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. ३२०

‘एकशिपी’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. तिसरी उघडल्यावर मांस एकाच शिंपीत ठेवून रांधतात, म्हणून ते नाव. कोकणातल्या माणसाला तो शब्द वाचून घरचं ताट आठवतं आणि बाहेरच्याला विचारावंसं वाटतं. आधीच्या कार्डाच्या इंग्रजी बाजूला ‘क्लॅम मसाला’ असं छापलं होतं. त्यात ना कोकणातल्या माणसाला काही ओळखीचं होतं, ना बाहेरच्याला काही कळत होतं.

वर्णनांचा परिणाम होतो हे तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उपाहारगृहात भाज्या त्याच ठेवून नुसती नावं बदलून पाहिली, आणि २०१७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘आरोग्यदायी’ अंगाने लिहिलेल्या नावांपेक्षा चव सांगणाऱ्या नावांच्या भाज्या जास्त जणांनी घेतल्या. पुढे आणखी विद्यापीठांत हेच केलं तेव्हा दिसलं, की जिथे भाज्या मुळात रुचकर होत्या तिथे नावांनी जास्त काम केलं. म्हणून वर्णन लिहिण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन तो पदार्थ खातो. तिसऱ्यांत रेती राहिली असेल तर सुंदर ओळी लिहून फक्त जास्त माणसांच्या दाताखाली रेती येईल.

आणि वर्णन पाचही थाळ्यांना सारखं लांब लिहायचं नाही. चिकन थाळी काय असते ते सर्वांना ठाऊक आहे, तिला एक ओळ पुरते. बांगड्याला दोन शब्द जोडले, ‘अख्खा, तळलेला’, कारण वहीत ‘तुकडा की पूर्ण?’ हा प्रश्न होता. काट्यांच्या भीतीने बांगडा टाळणारी माणसं मात्र कुठल्याही वर्णनाने वळत नाहीत, ती सुरमईच मागणार.

आता जागा. मेनूच्या उजव्या पानावर वरच्या भागात नजर आधी जाते, तिथे महाग पदार्थ ठेवा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. सिबिल यांग या संशोधिकेने २०१२ मध्ये माणसांच्या डोळ्यांची हालचाल मोजून पाहिली, तेव्हा अशी कुठली जादूची जागा सापडली नाही. माणसं मेनू पुस्तकासारखा वाचत गेली. एका यादीच्या आतला क्रम मात्र महत्त्वाचा असतो. तेल अवीवच्या एका कॉफी हाउसमध्ये पदार्थांचा क्रम बदलून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असलेला पदार्थ, मध्ये असतानाच्या तुलनेत दुपटीपर्यंत मागवला गेला.

आपल्या कार्डावर तिसऱ्या चौथ्या जागी, दोन परिचित थाळ्यांच्या मध्ये दबल्या होत्या. नव्या क्रमात तिसऱ्या पहिल्या, मग सुरमई, मग चिकन, शेवटी बांगडा. चिकन कुठेही ठेवलं तरी माणसं शोधून काढतात. शाकाहारी थाळीला खाली स्वतंत्र मथळा दिला, कारण तिचं गिऱ्हाईक तीच शोधत येतं.

दरांची उजवीकडची रांग मी सगळ्यात आधी मोडतो. टिंबांच्या ओळी नजरेला थेट आकड्यांकडे ओढतात आणि आकडे एकाखाली एक असले, की माणूस वरून खाली उतरत सर्वांत लहान आकड्यावर थांबतो, मग तिथून डावीकडे जाऊन पदार्थ कोणता ते बघतो. दर वर्णनाच्या शेवटी, त्याच अक्षरात, त्याच आकारात आला, की आधी पदार्थ वाचला जातो. ₹ चं चिन्ह आणि शेपटीचं ‘/-’ मी काढून टाकतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाकशाळेच्या रेस्तराँत, दुपारच्या जेवणाला, कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हे करून पाहिलं. २००९ सालच्या त्या अहवालात नुसता आकडा असलेल्या कार्डावर माणशी खर्च सुमारे ८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे एका जागेचं, तिथल्या गिऱ्हाइकाचं माप आहे. तेवढीच वाढ इथे मिळेल असं मी कुणाला सांगत नाही, पण चिन्ह काढायला खर्च काहीच येत नाही.

पापलेटपुढे छापलेलं ‘एपीएस’ मात्र काढायलाच हवं. आकाराप्रमाणे दर, असा त्याचा अर्थ. मासळीचा भाव रोज हलतो, जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे आकडा छापायला मालक धजत नाहीत, हे मला पटतं. पण चारचौघांत दर विचारायचा संकोच वाटला की माणूस तो मासाच मागवत नाही. दारातल्या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहावं, ‘पापलेट तळलेलं, मध्यम ६००, मोठं ८५०’. आत शिरतानाच दर कळला की बिलाच्या वेळी तोंडं वाकडी होत नाहीत.

कार्ड बदलल्यावर परिणाम मोजताना आपल्याकडे एक मोठी चूक होते. आषाढात नवं कार्ड लावलं आणि श्रावणात खप मोजला, तर कार्डाला नाहक दोष जातो. गटारीच्या आठवड्यात मोजला तर नाहक श्रेय मिळतं. म्हणून एकूण थाळ्या न मोजता मांसाहारी थाळ्यांत तिसऱ्यांचा वाटा किती, ते बघायचं. जुन्या कार्डावर ८८० मध्ये ५० होत्या, म्हणजे साधारण १८ थाळ्यांत एक. चार आठवडे दर आणि पदार्थ तसेच ठेवून हा वाटा पुन्हा काढायचा. वाटा वाढला, पण ताटात तिसऱ्या उरून परत येऊ लागल्या, तर वर्णनाने जे कबूल केलं ते स्वयंपाकघर देत नाहीये.

मालकांनी नवं कार्ड वाचलं आणि स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, “मावशी, दिवसाला पाच थाळ्यांच्या तिसऱ्या होतील?” विळीवर तिसऱ्या उघडणाऱ्या मावशींनी मान वर न करता सांगितलं, “पाच होतील. दहा म्हणालात तर अजून एक हात लागेल, आणि रेती काढायला पाणी चार वेळा बदलावं लागतं, ते आधी बघा.” तेव्हा कार्ड छापायला देण्याआधी त्यांनी नळाखालचं मोठं घमेलं बदललं.