परदेशी गेलेल्या द्राक्षाचा पैसा: युरोचा भाव आज बांधावा की वाट पाहावी?

नाशिक-सांगलीकडची द्राक्षे हॉलंडला जातात तेव्हा सौदा युरोत होतो आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी हाती येतात. मजुरी, खोकी, शीतगृह यांचा खर्च मात्र आधीच रुपयांत होऊन बसतो. डिसेंबर २०१४ मध्ये युरो ७७ रुपयांच्या आसपास होता; मार्च २०१५ मध्ये तो ६७ च्या आसपास उतरला. माल तोच, युरो तेवढेच, पण प्रत्येक युरोमागे दहा रुपये गेले.

यावर उपाय म्हणजे बँकेशी केलेला फॉरवर्ड करार. तीन महिन्यांनी येणारे युरो ठरल्या भावाने बँकेला द्यायचे, हे आजच पक्के करायचे. युरोपपेक्षा आपल्याकडे व्याजदर जास्त असला, की हा पुढचा भाव आजच्यापेक्षा थोडा चढा मिळतो.

आता समजुतीसाठी आकडे धरू. तुमच्या गटाचे २०,००० युरो यायचे आहेत. आजचा भाव ९० रुपये, तीन महिन्यांचा कराराचा भाव ९० रुपये ६० पैसे आणि एकूण खर्च १७ लाख ४० हजार. खर्चाला युरोंनी भागा: ८७ रुपये. युरो याच्या खाली गेला की पदरचे जाते.

करार केला तर १८ लाख १२ हजार येतात. ७२ हजार उरतात, बाजार कुठेही जावो. करार केला नाही आणि युरो ९४ झाला, तर १ लाख ४० हजार उरतात. ९० वरच राहिला तर ६० हजार. ८६ वर आला तर उलट २० हजारांची खोट. निम्म्याच रकमेचा करार केला असेल, तर ८६ च्या भावातही २६ हजार उरतात आणि ९४ झाल्यास १ लाख ६ हजार मिळतात.

मग सगळ्याच रकमेचा करार का करू नये? कारण करार युरोंचा असतो, द्राक्षांचा नव्हे. २०१० साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडल्याने आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. असे होऊन २०,००० ऐवजी १५,००० युरोच आले, तरी करार पुराच राहतो. त्या वेळी बाजारभाव ९४ असेल, तर कमी पडलेल्या ५,००० युरोंवर दर युरो ३ रुपये ४० पैसे, म्हणजे १७ हजार रुपये भरावे लागतात. बँकेचा आकार वेगळा.

तेव्हा सौद्याचा कागद आधी नीट वाचा. ज्या मालाचा भाव पक्का ठरला आहे, तेवढ्या युरोंचा करार करा. विक्रीनंतर भाव कळणार असेल, तर हमखास येईल असे वाटते तेवढ्याच रकमेचा करा. आणि बँकेत जाण्यापूर्वी आपल्या गटाचा तो ८७ चा आकडा काढून ठेवा. कराराचा भाव त्याच्या किती वर आहे आणि बाजार किती खाली गेलेला आपल्याला सोसेल, हे त्यावरूनच कळते.