पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी

लवळे, नांदे, सूस किंवा पिरंगुट, मुळशीच्या या पट्ट्यात रात्री जेवणानंतर कुणाचं पोट दुखू लागलं की घरातले उपाय ठरलेले असतात. आधी ओवा, मग थंड दूध, मग कपाटातली ॲसिडिटीची गोळी. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण काही रात्री भागत नाही, आणि त्या रात्री गोळी घेऊन सकाळची वाट बघत बसण्यात फार मोलाचे तास निघून जातात. तीव्र स्वादुपिंडदाह हा असा आजार आहे. डॉक्टर मंडळी त्याला ‘ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस’ म्हणतात.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवी पसरलेली वीतभर लांबीची ग्रंथी. ती इन्शुलिन बनवते हे पुष्कळांना माहीत असतं. तिचं दुसरं काम अन्न पचवणारे जहाल रस तयार करून लहान आतड्यात सोडणं. हे रस ग्रंथीत असेपर्यंत निष्क्रिय असतात आणि आतड्यात पोचल्यावर कामाला लागतात. काही कारणाने ते ग्रंथीतच जागे झाले, तर ते स्वादुपिंडालाच पचवू लागतात. सूज येते, रक्तवाहिन्यांतलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि त्याचे परिणाम पुढे सगळ्या शरीरावर दिसू लागतात.

या आजाराचं दुखणं ओळखता येतं. ते छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या भागात सुरू होतं आणि साधारण अर्ध्या तासात शिगेला पोचतं. ॲसिडिटीसारखी ही जळजळ नसते आणि जुलाबातल्यासारखा येऊन-जाऊन मुरडाही नसतो. एकसारखं, न थांबता दुखत राहतं. सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये ते आरपार पाठीत जातं. आडवं पडलं की वाढतं, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं की थोडं हलकं वाटतं. उलट्या होतात, पण उलटी झाल्यावर बरं वाटत नाही. ॲसिडिटीत बहुधा वाटतं, म्हणून हा फरक लक्षात ठेवण्यासारखा. मात्र हृदयविकाराच्या झटक्यातही कधी कधी असंच पोटात दुखतं. त्यामुळे अशा रुग्णाचा ईसीजी आधी काढला जातो आणि तो काढायलाच हवा.

हे दुखणं ॲसिडिटीचं समजणं हा एक गैरसमज. दुसरा जास्त दुखावणारा आहे: हा दारुड्यांचा आजार. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईला हे निदान झालं, की नातेवाइकांच्या नजरा बदलतात. प्रत्यक्षात जगभर या आजाराचं सर्वात मोठं कारण पित्ताशयातले खडे हे आहे. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडण्याआधी बहुतेक माणसांमध्ये एकाच दाराशी येतात. युजीन ओपी या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९०१ साली एका शवविच्छेदनात त्या दारात अडकलेला बारीक खडा दाखवला आणि खड्यांचा व स्वादुपिंडाचा संबंध पक्का झाला. इथे मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडे जास्त धोक्याचे, कारण पाच मिलिमीटरहून लहान खडा पित्ताशयातून निसटून त्या दारापर्यंत जास्त सहज जाऊ शकतो. ‘खडे आहेत, पण बारीकच आहेत’ या वाक्याने म्हणूनच निश्चिंत होऊ नये.

दारू हे दुसरं मोठं कारण. एखाद्या गटारीच्या पार्टीने निरोगी स्वादुपिंड सहसा बिघडत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिण्याने ते आतून दुबळं होत जातं आणि मग एखाद्या रात्रीचं पिणं निमित्त ठरतं. नियमित पिणाऱ्यांतल्याही थोड्याच लोकांना हा आजार होतो. बिडी-सिगारेट जोडीला असेल तर धोका वाढतो. देशी प्यायली की विलायती, याने फरक पडत नाही. पोटात गेलेलं अल्कोहोल मोजायचं. याखेरीज रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी हजाराच्या वर जाणं, काही औषधं, कॅल्शियमचं वाढलेलं प्रमाण अशी कारणंही असतात.

हा कर्करोग आहे का, असाही प्रश्न घरचे दबक्या आवाजात विचारतात. त्याला एक पार्श्वभूमी आहे. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा सौम्य स्वादुपिंडदाह असल्याच्या बातम्या आल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि १७ मार्च २०१९ रोजी पर्रीकरांचं निधन झालं. या बातम्या लागोपाठ वाचणाऱ्याला दोन्ही आजार एकच वाटू शकतात. ते वेगळे आहेत आणि दाह झालेल्या बहुसंख्य रुग्णांना कर्करोग नसतो. पण कधी कधी नलिकेवर दाब आणणारी गाठ हेच दाहाचं कारण असतं. म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसात खडे, दारू, चरबी असं काहीच सापडलं नाही, तर पुढच्या तपासण्या करून गाठ नाही ना याची खात्री केली जाते.

आता रुग्णालयात काय होतं ते एका नमुन्याच्या रुग्णावरून पाहू. समजा, लवळ्यातल्या पंचेचाळीस वर्षांच्या, साठ किलो वजनाच्या एक काकू आहेत. रात्री अकराला दुखू लागलं, दोन गोळ्या घेतल्या, चार उलट्या झाल्या आणि पहाटे मुलाने गाडी काढली. ईसीजी ठीक आला. रक्तात लायपेज हे पाचक द्रव्य सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघालं. ठरावीक दुखणं, लायपेज किंवा अमायलेज तिपटीवर जाणं आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज, या तीन गोष्टींपैकी दोन जमल्या की निदान पक्कं होतं. काकूंच्या दोन जमल्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनची गरज नाही. शिवाय ग्रंथीचा किती भाग निकामी झाला, हे पहिले तीन-चार दिवस स्कॅनमध्ये नीट दिसतही नाही. सोनोग्राफी मात्र लगेच होते. तिचा मुख्य हेतू पित्ताशयातले खडे शोधणं हा असतो, आणि काकूंच्या पित्ताशयात ते सापडले.

लायपेज दोन हजार आहे म्हणजे आजार भयंकर, असं रिपोर्ट हातात घेऊन नातेवाईक घाबरतात. लायपेजचा आकडा निदान सांगतो, गांभीर्य सांगत नाही. पाचशेवाला रुग्ण अतिदक्षता विभागात असू शकतो आणि तीन हजारवाला चौथ्या दिवशी घरी. म्हणून रोज लायपेज तपासण्यात अर्थ नसतो. डॉक्टरांची नजर नाडी, श्वासाची गती, लघवीचं प्रमाण, रक्तातला युरिया आणि रक्त किती दाटलंय याकडे असते.

पहिल्या चोवीस तासांतलं खरं औषध सलाइन. रिंगर लॅक्टेट हे द्रावण त्यासाठी पसंत केलं जातं. पूर्वी ते भरमसाट चढवायची पद्धत होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ या चाचणीने ती मोडीत काढली: भरपूर पाणी दिलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी जास्त झालं, बेताने दिलेल्यांत सुमारे सहा टक्के, आणि जास्त पाण्याचा फायदा काहीच दिसला नाही. त्या बेताच्या हिशेबाने काकूंना, शरीर कोरडं पडलं असेल तर, सुरुवातीच्या दोन तासांत सहाशे मिलिलिटर आणि मग ताशी नव्वद मिलिलिटरच्या आसपास सलाइन लागेल. दर काही तासांनी तपासून हा वेग बदलला जातो. सोबत वेदनाशामक इंजेक्शन. दुखणं दाबलं तर आजार लपेल, ही भीती निराधार आहे.

ॲन्टिबायोटिक सुरू का केलं नाही, हा नातेवाइकांचा पुढचा प्रश्न. स्वादुपिंडाची ही सूज जंतूंमुळे आलेली नसते, म्हणून नुसत्या प्रतिबंधासाठी ते दिलं जात नाही. पोट आठवडाभर उपाशी ठेवायचं, ही समजूतही जुनी झाली. उलट्या थांबून भूक लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मऊ, कमी तेलाचं जेवण सुरू करतात. खाता येत नसेल तर नाकातून घातलेल्या बारीक नळीने अन्न देतात, कारण आतडं चालू राहिलं तर त्यातले जंतू बाहेर पसरण्याचा धोका कमी होतो.

दर पाचपैकी साधारण चार रुग्ण असेच आठवडाभरात बरे होतात. उरलेल्यांसाठी अठ्ठेचाळीस तासांची खूण महत्त्वाची. फुप्फुसं, मूत्रपिंडं किंवा रक्तदाब यांपैकी काही कोलमडलं आणि दोन दिवसांत सावरलं नाही, तर आजार गंभीर मानला जातो. अशा रुग्णांतल्या मृत्यूचं प्रमाण खूप मोठं असतं. काहींच्या स्वादुपिंडाचा भाग मरतो आणि पुढे त्यात जंतुसंसर्ग होतो. इथे ॲन्टिबायोटिकची खरी गरज असते. ‘पोट उघडून साफ करून टाका’ असा आग्रह याच वेळी धरला जातो, आणि घाईची शस्त्रक्रिया अनेकदा घातक ठरते. शक्य असेल तिथे डॉक्टर सुमारे चार आठवडे थांबतात, म्हणजे मेलेल्या भागाभोवती भिंत तयार होते. मग आधी नळी घालून पू काढतात आणि तेवढ्याने भागलं नाही तरच पुढची पायरी. नेदरलँड्समधल्या २०१० च्या ‘पँटर’ चाचणीत या पायरीपायरीच्या पद्धतीने उपचार झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण नुसत्या नळीवरच निभावले.

काकूंचं मात्र पाचव्या दिवशी दुखणं थांबलं, जेवण पचू लागलं आणि घरची ओढ लागली. सर्वात महागात पडणारी चूक नेमकी इथे होते. सूज उतरली तरी पित्ताशयातले खडे तिथेच असतात. ‘ऑपरेशन दिवाळीनंतर बघू’ म्हणून घरी गेलेला रुग्ण पुन्हा त्याच दुखण्याने परत येऊ शकतो, आणि दुसरा झटका सौम्यच असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. २०१५ च्या ‘पाँचो’ चाचणीत त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांपैकी पाच टक्क्यांना खड्यांमुळे पुन्हा त्रास झाला किंवा मृत्यू आला. महिनाभर थांबलेल्यांत हेच प्रमाण सतरा टक्के होतं. सौम्य आजारात म्हणूनच घरी सोडण्याआधी दुर्बिणीने पित्ताशय काढणं योग्य. गंभीर आजारात सूज आणि साचलेलं पाणी ओसरेपर्यंत थांबावं लागतं. खडे विरघळवण्याच्या काढ्यांवर आणि गोळ्यांवर या टप्प्यावर विसंबू नये. दारू हे कारण असेल तर ती पूर्ण सोडावी लागते; ‘आता फक्त बीअर’ ही सवलत स्वादुपिंड देत नाही.

लवळ्याच्या टेकडीवर आता सिंबायोसिसचं विद्यापीठ रुग्णालय उभं आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं तासाभरात कमी झालं नाही, पाठीत जाऊ लागलं, सोबत उलट्या, धाप किंवा घाम असेल, तर तिसरी गोळी घेऊ नका, निघा. आणि खड्यांमुळे स्वादुपिंडदाह झालेला रुग्ण घरी न्यायच्या आधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: पित्ताशय याच मुक्कामात काढणार का, आणि नसेल तर कोणत्या तारखेला?